चकाकीच्या आधीचं पातेलं

सकाळी ८:०० – भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे छोटे छोटे गाळे आहेत. त्यांतल्या एकाचं शटर वर जातं. प्रेसवरचे काका आधी काल ओढलेल्या डब्यांकडे जातात. हे डबे २०२ प्रतीच्या पत्र्याचे. यात निकेल कमी, मँगनीज जास्त. खोल ओढलेला असा डबा कधी कधी प्रेसवर शाबूत दिसतो आणि रात्रीतून काठापासून उभा तडकतो. आज दोन तडकलेत. मालकांची मुलगी दोन्हींचा फोटो काढते. दिवसाची पहिली पोस्ट हीच: ‘हे भंगारात चाललेत.’

९:०० – आता ३०४ चं काम, पातेल्यांचं. यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. पत्र्यावर छापलेली प्रत आणि जाडी मोबाईलमध्ये नीट वाचता यावी, म्हणून मुलगी पत्रा उजेडाकडे वळवायला लावते. मग ३६ सेंटिमीटर व्यासाची गोल चकती कापली जाते. हिला इथे ‘सर्कल’ म्हणतात. चौकोनातून गोल काढला की चार कोपरे उरतात. पत्र्याच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग असा जातो. तो भंगारवाला किलोवर नेतो, पण नव्या पत्र्याचा भाव त्याला मिळत नाही.

सर्कल काट्यावर ठेवतात. जाडी ०.८ मिलिमीटर, वजन ६४५ ग्रॅम. काट्याचा आकडा व्हिडिओत येतो.

१०:३० – काका सर्कलला दोन्ही बाजूंनी तेल लावतात आणि डायवर ठेवतात. वरची कडी पत्र्याची कड दाबून धरते, मधला पंच खाली उतरतो. २० सेंटिमीटर तोंडाचं पातेलं एका दाबात तयार. कडीचा दाब कमी पडला तर काठाला सुरकुत्या येतात. जास्त झाला किंवा तेल सुकलं, तर बुडाच्या वळणावर पत्रा फाटतो. ‘आवाज बदलला की मी थांबतो,’ काका म्हणतात. पंच खाली असताना हात कुठे असावा, हे ते नव्या पोराला रोज सांगतात.

दुपारी १२:३० – लेथवर वेडावाकडा काठ कापला जातो आणि कड बाहेर वळवली जाते. ओढताना वरचा पत्रा जाड होतो, बुडाच्या वळणाजवळ पातळ होतो. म्हणून फक्त काठ मोजून जाडी ठरवली तर फसायला होतं. मुलगी एक पातेलं मधून कापायला लावते आणि दोन्ही जागा मायक्रोमीटरवर दाखवते. एक नग वाया गेला. मालक कुरकुरत नाहीत, तो खर्च वहीत लिहितात.

१:१५ – जेवण. डबे उघडतात, चहा समोरच्या टपरीवरून येतो.

२:०० – बफिंग. फिरत्या चाकावर आधी एमरीचे ओरखडे, मग कापडी बफ आणि साबणासारखी पॉलिशची वडी. बफवाले दादा तोंडाला कापड बांधतात, तरी संध्याकाळपर्यंत चेहरा काळा होतो. नगामागे चार रुपये. १८० नग झाले तर ७२० रुपये. चाकाने पातेलं हातातून ओढलं आणि चेपलं, तर तो नग मजुरीत धरत नाहीत. इथून पुढे ३०४ आणि २०२ सारखेच चमकतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही.

४:३० – आज एका गिऱ्हाइकाने विचारलंय, ‘चुंबक कडेला थोडं चिकटतं, माल खोटा आहे का?’ मुलगी व्हिडिओतच उत्तर देते. चुंबक बुडाला लावते, तिथे चिकटत नाही. कडेला किंचित ओढ लागते. ओढल्यामुळे ३०४ मध्ये एवढं चुंबकत्व येऊ शकतं. मग तेच चुंबक २०२ च्या सपाट पत्र्यावर ठेवते. तिथेही चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही. त्यासाठी मँगनीज ओळखणारा थेंब आणि छोटी बॅटरी लागते. २०२ वर थेंब लालसर होतो, ३०४ वर होत नाही. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून ती हे एकाच सलग व्हिडिओत दाखवते, मध्ये कुठे काटछाट नाही.

६:०० – लाकडाच्या भुशाने तेल आणि पॉलिश पुसतात. पातेलं पुन्हा काट्यावर जातं. काठ कापून, पॉलिश होऊन सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. वजन खोक्यावर लिहितात.

७:०० – शटर खाली. काका आणि दादा स्टेशनकडे निघतात.

भांडं घेताना कारखान्याचे व्हिडिओ पाहत असाल, तर चकाकी सोडून तीन गोष्टी शोधा: पत्र्यावर छापलेली प्रत, काट्याचा आकडा आणि बाद झालेला नग. पातेलं हातात आलं की घरच्या काट्यावर ठेवा. लिहिलेलं वजन भरलं नाही, तर परत करा.