काय बघायचं आहे नक्की?

पहिला अर्ज चार ओळींचा होता. “मी तृतीय वर्षाची विद्यार्थिनी असून माझा प्रकल्प अपूर्ण आहे. सबमिशनची तारीख जवळ आली आहे. तरी मला ऑसिलोस्कोप वापरण्यास जादा वेळ मिळावा, ही नम्र विनंती.” प्रयोगशाळा प्रभारी सरांनी तो मंजूर केला नाही आणि नाकारलाही नाही. समासात लाल पेनाने एवढंच लिहिलं, “काय बघायचं आहे नक्की?” आणि कागद परत दिला.

ती माझ्या गटातली विद्यार्थिनी. तोंड पाडून माझ्याकडे आली. “सर, वेळ मागितला तर प्रश्न विचारतात.” मी म्हटलं, “मग उत्तर दे. ते तुला देता आलं, तर अर्ज आपोआप लिहून होईल.”

तिचा प्रकल्प आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच समजेल असा होता. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. विहिरीवर न जाता घरातून मोबाईलने मोटर चालू-बंद करायची, यासाठी बाजारात ‘मोबाईल स्टार्टर’ मिळतात. तसाच एक तिने स्वतः बांधला होता. त्यात एक छोटा मायक्रोकंट्रोलर, रिले आणि सिमकार्ड घेणारं सिम ८००एल नावाचं जीएसएम मॉड्यूल. मेसेज आला की रिले ओढायचा आणि उलट मेसेज पाठवायचा, “मोटर चालू.”

कॉलेजच्या व्हरांड्यात सगळं सुरळीत चाले. गावी, विहिरीजवळ नेलं की उलटा मेसेज जाता जाता मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होई. हे कळायचं त्यावरच्या दिव्यावरून. नेटवर्क मिळालेलं असताना हा दिवा साधारण तीन सेकंदांनी एकदा लुकलुकतो, नेटवर्क शोधत असताना भराभर. मेसेज पाठवायच्या क्षणी दिवा पुन्हा भराभर लुकलुकायला लागे. म्हणजे मॉड्यूलने पहिल्यापासून डाव मांडला.

तिने मल्टिमीटर लावून पाहिला होता. मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट चालतात. तिने ४ व्होल्ट दिले होते आणि मेसेज जाताना मीटर ३.९२ दाखवत होता. म्हणजे वीजपुरवठा ठीक, दोष प्रोग्रॅममध्ये, असं समजून तिने प्रोग्रॅम उलटसुलट करण्यात तीन आठवडे घालवले होते.

मीटर खोटं बोलत नव्हता, तो सरासरी सांगत होता. मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदा बदलतो, मधल्या काळात काय झालं याचा तो गोळाबेरीज हिशेब देतो. जीएसएम मॉड्यूल मात्र सलग बोलत नाही. टॉवरशी बोलण्याची वेळ आठ जणांत वाटलेली असते. ४.६ मिलिसेकंदांच्या एका फेरीत आपली पाळी फक्त ०.५८ मिलिसेकंदाची. त्या पाळीत मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत वीज ओढतं आणि उरलेल्या सात पाळ्यांत जवळजवळ गप्प बसतं. सेकंदाला हे २१७ वेळा होतं. जुन्या मोबाईलवर फोन यायच्या आधी शेजारचा रेडिओ ‘टर्र टर्र’ करायचा, आठवतं? तो आवाज याच धक्क्यांचा.

आता हिशेब मांडून बघू. तिने पुरवठ्यापासून मॉड्यूलपर्यंत ब्रेडबोर्डच्या बारीक वायरी वापरल्या होत्या. जाण्या-येण्याची वायर आणि टोचलेले सांधे मिळून रोध ०.३ ओहम धरू. २ अँपिअर गुणिले ०.३ म्हणजे ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च. ४ मधून ०.६ गेले, उरले ३.४. अगदी काठावर! पण हा खड्डा आठातल्या एकाच पाळीत पडतो. सरासरी प्रवाह पाव अँपिअर, सरासरी घट ०.०७५ व्होल्ट. मीटरने दाखवलेला ३.९२ हा आकडा इथूनच आला.

गावचं कोडंही यातच सुटत होतं. टॉवर जवळ असला की तो मॉड्यूलला हळू बोलायला सांगतो, मग वीज कमी लागते. टॉवर लांब असला की मॉड्यूलला पूर्ण ताकदीने ओरडावं लागतं. व्हरांड्यात खड्डा उथळ होता, विहिरीवर तोच खोल झाला असणार.

हे सगळं कागदावरचं अनुमान होतं. खड्डा डोळ्यांनी बघायचा तर ऑसिलोस्कोपच हवा. तो व्होल्टेजचं क्षणाक्षणाचं चित्र पडद्यावर काढतो. आपल्याकडे अजूनही सगळे त्याला सीआरओच म्हणतात, पण आता प्रयोगशाळेत असतो तो डिजिटल, डीएसओ. त्याची सोय अशी, की व्होल्टेज अमुक रेषेखाली गेलं तरच चित्र धरून ठेव, असं त्याला सांगता येतं. त्याला ट्रिगर म्हणतात. मेसेज कधी जातो याची वाट बघत कुणी डोळे लावून बसायला नको.

मग प्रभारी सरांची अडचण कोणती? वेळापत्रकाप्रमाणे टेबलं भरलेली असतात आणि एका यंत्राभोवती तीन-चार मुलं असतात. तासांनंतर लॅब उघडी ठेवायची तर लॅब असिस्टंटला थांबावं लागतं. यंत्र डेडस्टॉक रजिस्टरवर सरांच्या सहीने चढलेलं असतं. आणि मुख्य भीती वेगळीच. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून प्लगच्या अर्थिंगला जोडलेली असते. ती क्लिप कुणी मोटर स्टार्टरच्या चालू फेजला लावली, तर वीज क्लिपमधून थेट अर्थिंगमध्ये जाते. प्रोब जळतो, यंत्र जाऊ शकतं, मुलाच्या हातालाही इजा होते. ‘मोटर’ हा शब्द असलेल्या प्रकल्पाने ऑसिलोस्कोप मागितला की सरांच्या डोळ्यांपुढे तीन फेजचे ४१५ व्होल्ट उभे राहतात. पहिल्या अर्जात त्या भीतीला उत्तर देणारा एक शब्दही नव्हता.

दोन दिवसांनी तिने दुसरा अर्ज लिहिला. तो असा:

“प्रति, प्रयोगशाळा प्रभारी, इलेक्ट्रॉनिक्स विभाग.
(मार्गदर्शक शिक्षकांमार्फत)

विषय: जीएसएम मॉड्यूलच्या पुरवठ्याचे मोजमाप करण्यासाठी डीएसओ दोन वेळा, प्रत्येकी दोन तास मिळणेबाबत.

महोदय,

माझ्या प्रकल्पातील जीएसएम मॉड्यूल मेसेज पाठवताना बंद पडून पुन्हा सुरू होते. मल्टिमीटरवर ३.९२ व्होल्ट दिसतात. माझ्या अंदाजाने प्रत्येक प्रक्षेपणाच्या वेळी सुमारे अर्ध्या मिलिसेकंदासाठी व्होल्टेज ३.४ पर्यंत किंवा त्याखाली जात असावे. हे मल्टिमीटरवर दिसू शकत नाही.

पहिल्या वेळी मॉड्यूलच्या पिनांवर एकच चॅनेल लावून हे खड्डे आहेत का, ते पाहीन. स्केल २ मिलिसेकंद प्रति चौकोन आणि ट्रिगर उतरत्या कडेवर ३.७ व्होल्ट ठेवीन. चित्र पेनड्राइव्हवर घेईन. दुसऱ्या वेळी आधी कपॅसिटर, नंतर जाड वायर, असा एकेक बदल करून त्याच मांडणीत पुन्हा मोजेन.

मोटर, स्टार्टर किंवा मेन्सची कोणतीही जोडणी प्रयोगशाळेत आणणार नाही. रिलेऐवजी एलईडी लावला आहे. मंडळात १२ व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज कुठेही नाही.

शक्य झाल्यास आतल्या कोपऱ्यातील टेबल मिळावे. तेथे मोबाईलला रेंज कमी येते, त्यामुळे दोष तेथे दिसण्याची शक्यता जास्त आहे. मंगळवार व गुरुवारी साडेतीन ते साडेपाच प्रयोगशाळेत तासिका नाही व सहायकांची कामाची वेळ आहे. पहिल्या वेळी खड्डे दिसले नाहीत, तर दोष पुरवठ्यात नाही असे समजून मी दुसरी वेळ सोडून देईन.

आपली विद्यार्थिनी.”

सरांनी उभ्या उभ्या सही केली. या पत्रात गोड बोलणं नाही, सबमिशनचं रडगाणं नाही. कुठे, काय, किती बारकाईने बघायचं ते आहे, आणि अंदाज चुकला तर काय करणार तेही आहे. शेवटचं वाक्य सरांना विशेष आवडलं. वेळ मागणारे पुष्कळ येतात, परत देण्याची अट स्वतःहून घालणारा विरळा.

मंगळवारी पहिल्या दहा मिनिटांतच गोंधळ झाला. पडद्यावर ४ ऐवजी ०.४ व्होल्ट! प्रोबवरचं छोटं बटण दहापट कमी करण्याच्या खुणेवर होतं आणि यंत्राला ते सांगितलेलं नव्हतं. मेनूत तेवढं बदलल्यावर रेघ ४ वर आली. मग तिने क्लिप पुरवठ्याच्या टोकाला लावली आणि रेघ सपाट दिसली. इथे बरेच जण फसतात. खड्डा वायरीत पडतो, म्हणून मोजायचं वायरीच्या शेवटी, मॉड्यूलच्या पिनांवरच. तिने क्लिप आणि टोक दोन्ही तिथे नेलं, मेसेज पाठवला आणि पडद्यावर खड्ड्यांची रांग उमटली. रुंदी अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडी जास्त, दोन खड्ड्यांतलं अंतर साडेचारच्या आसपास, तळ ३.४ च्या किंचित खाली.

गुरुवारी तिने आधी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, कारण सगळे तोच सल्ला देतात. खड्डा ०.६ वरून ०.५ वर आला, इतकंच. ती खट्टू झाली, पण हिशेब हेच सांगतो. एवढा कपॅसिटर एकट्याने २ अँपिअर द्यायला लागला, तर एका मिलिसेकंदात २ व्होल्टने उतरतो. अर्ध्या मिलिसेकंदाचा भार त्याला एकट्याला पेलत नाही. टाकी लहान आणि येणारा पाइप बारीक, अशातली गत. मग कपॅसिटर तसाच ठेवून तिने बारीक वायरी काढल्या, बोटभर लांबीच्या जाड वायरी थेट सोल्डर केल्या. खड्डा ०.२ व्होल्टवर आला. तळ ३.८, म्हणजे मर्यादेपासून भरपूर वर. कपॅसिटरमुळे खड्ड्यांच्या कडा तेवढ्या गोल झाल्या होत्या. दोन्ही बदल तिने एकदम केले असते, तर श्रेय कपॅसिटरला गेलं असतं आणि पुढच्या वेळी बारीक वायरीच पुन्हा आल्या असत्या.

रविवारी तिने पेटी विहिरीवर नेली. वीस मेसेज पाठवले, वीसही उत्तरं आली.

आता माझ्या गटातल्या मुलांना मी यंत्राचा अर्ज लिहिण्याआधी एका कोऱ्या कागदावर पडद्यावर काय दिसेल त्याचं चित्र काढायला सांगतो. ते काढता येत नसेल, तर अजून यंत्राजवळ जायची वेळ झालेली नाही. तिच्या वहीत ते चित्र पेन्सिलीने काढलेलं होतं. लॅबच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे नोंद आहे: मागितलेली वेळ चार तास, वापरलेली तीन तास दहा मिनिटं.