संघाच्या फोटोतली बॅट

संघाच्या फोटोआधी प्रतिस्पर्ध्याची बॅट गुपचूप बदलणारा मुलगा, हे कथानक इंग्लंडच्या निवासी शाळांच्या कथांत चपखल बसते. ‘द कॅप्टन’ हे मासिक १८९९ मध्ये निघाले, पी. जी. वुडहाऊस यांच्या क्रिकेटवेड्या शालेय कथा त्यात येत.

त्या काळच्या छायाचित्रणामुळे अशी खोडी कथेला उपयोगी पडते. फोटो काचेवर घेतला जाई आणि छापील प्रत काही दिवसांनी हाती येई. तोवर बॅट जागेवर परत गेलेली असते, गुन्हा मात्र कागदावर पक्का झालेला असतो. ऐटीत खुर्चीवर बसलेल्या शतकवीराच्या हाती धाकट्या मुलाची आखूड बॅट दिसते आणि तो फोटो शाळेच्या भिंतीवर वर्षानुवर्षे राहणार असतो.

मात्र त्या वीराला आपली बॅट प्रिय आहे, तिच्या मुठीला लाल दोरा आहे, हे वाचकाला आधीच सहज कळायला हवे. ते शेवटी सांगितले, तर विनोद फसतो. शिवाय फोटोच्या वेळी त्याचे लक्ष दुसरीकडे असायला ठोस कारण लागते. टोपी सरळ करण्याची त्याची हौस त्याला पुरते.