मित्र, बायको आणि रविवार

समजा, पुण्यातलं एक जोडपं आहे. तो शनिवारी रात्री कट्ट्यावर असतो आणि महिन्यातले तीन रविवार किल्ल्यांवर. एक दिवस ती म्हणते, "तुला घरापेक्षा मित्रच जास्त." त्यावर बहुतेक नवऱ्यांच्या तोंडून लगेच निघतं, "मग तूही जा की मैत्रिणींकडे, मी कुठे अडवलंय?" उत्तर तर्काला धरून आहे, पण उपयोग शून्य. तिने परवानगी मागितलेलीच नसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी १९९९ साली १२४ नवविवाहित जोडप्यांच्या वादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वादाची पहिली तीन मिनिटं कशी गेली, यावरून पुढे कोण वेगळं होईल याचा बराचसा अंदाज येत होता. तिचं वाक्य टोचणारं होतं हे खरं, पण आता सूर खाली आणणं त्याच्या हातात आहे.

त्यासाठी तासांचा हिशेब मांडू नये. हिशेबात दोघंही जिंकतात आणि भांडण उरतंच. त्यापेक्षा विचारावं, "नेमकं कधी जास्त खटकतं?" आणि मग गप्प बसावं. हे गप्प बसणंच अवघड. आपल्या जोडप्यात उत्तर असं येतं: ट्रेकचं काही नाही, पण बेत ग्रुपवर ठरून गेल्यावर मला कळतो, आणि तू चारला येऊन झोपतोस, तेव्हा मुलगी दिवसभर माझ्याच गळ्यात असते.

म्हणजे भांडण मित्रांचं नव्हतंच. न विचारण्याचं आणि रविवारच्या संध्याकाळचं होतं.

आता त्याची बाजू. ती गिळून टाकली, तर महिनाभर तो शहाण्यासारखा घरी बसेल आणि मग धुसफुसत राहील. म्हणून त्याने स्पष्ट सांगावं, "बाबा आजारी होते तेव्हा रात्री हीच मंडळी दवाखान्यात बसली होती. त्यांना मी सोडणार नाही. पण यापुढे तुला विचारल्याशिवाय ग्रुपवर हो म्हणणार नाही. ट्रेक महिन्यात दोन, आणि परत आल्यावर मुलगी माझ्याकडे." महिनाभर हे करून पाहावं आणि पुन्हा बोलावं. तिला कदाचित तेव्हा शनिवारच खुपत असेल. चालेल, मग शनिवारचं बघावं.

हे सगळं तिला त्याची सोबत हवी आहे, असं धरून. जिथे एकेक करून प्रत्येक मित्र नकोसा ठरतो, फोन तपासला जातो, भेटून आल्यावर दोन दिवस अबोला असतो, तिथे प्रश्न वेळेचा नाही, ताब्याचा आहे. नवरा बायकोला माहेर आणि मैत्रिणींपासून तोडतो, तेव्हाही तेच. अशा वेळी रविवार वाटून घेऊन काही सुटत नाही. घराबाहेरच्या भरवशाच्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोलावं, आणि मित्र तर मुळीच सोडू नयेत.