मांजऱ्या, पाषाण आणि पाणी

खडकात पोकळी किती आहे, हे सच्छिद्रता सांगते. त्या पोकळीतून पाणी किती सहज वाहू शकते, हे पारगम्यता सांगते. चिकणमातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असू शकतो, पण तिची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाणी कणांनाच धरून बसते. वाळूत एकूण पोकळी कमी, तरी पाणी मोकळे वाहते.

महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भागाखाली असलेल्या बेसाल्टमध्ये मात्र कणांमधल्या फटींचा प्रश्नच नसतो. लाव्हाचा थर निवताना त्याच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले. विहिरी खोदणारे या भागाला मांजऱ्या म्हणतात. खालचा घट्ट काळा पाषाण आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. मांजऱ्या जाळीदार दिसतो, पण त्याचे बुडबुडे सुटे असतात आणि पुढे त्यांपैकी बरेचसे झिओलाइट व कॅल्साइटने भरून गेले. त्यामुळे ताजा मांजऱ्या फारसे पाणी देत नाही. तो झिजून ठिसूळ झाला, त्यात आडव्या भेगा उघडल्या, की खरे झरे लागतात. पाषाणाचे सगळे भेगांवर अवलंबून. भेगेची रुंदी दुप्पट झाली, तर प्रवाह सुमारे आठपट होतो; म्हणून एकच रुंद भेग अनेक बारीक भेगांना भारी पडते.

प्रवाहाचा हिशेब हेन्री दार्सीने 1856 मध्ये मांडला. पारगम्यतेचा गुणांक आणि पाणीपातळीचा उतार यांचा गुणाकार केला की प्रवाह मिळतो. समजा, झिजलेल्या बेसाल्टचा गुणांक दिवसाला 1 मीटर आणि उतार शंभरात एक आहे. मग खडकाच्या एका चौरस मीटर छेदातून दिवसाला 10 लिटर पाणी जाते. पण हे पाणी खडकाच्या फक्त 2 टक्के जोडलेल्या पोकळीतून वाहत असेल, तर त्याचा खरा वेग दिवसाला अर्धा मीटर भरतो. शंभर मीटरवर मुरलेले पाणी विहिरीपर्यंत यायला दोनशे दिवस लागतील: जुलैचा पाऊस जानेवारी-फेब्रुवारीत.

साठाही तुटपुंजाच. असा खडक 2 टक्के पाणी सोडतो असे धरले, तर एक हेक्टरखालची पातळी मीटरभर उतरल्यावर दोन लाख लिटर मिळतात. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातल्यासारख्या गाळात वाळूचे थर जाड असतील, तर पातळी तेवढीच उतरल्यावर याच्या कितीतरी पट पाणी मिळते.

उपसा थांबवल्यावर विहीर किती वेगाने भरते, यावरून थरांचा अंदाज येतो. पातळी झिजलेल्या मांजऱ्याच्या खाली गेली की भरण्याचा वेग एकदम मंदावतो. बोअरची अडचण निराळी: अरुंद उभे छिद्र उभ्या भेगांना समांतर जाते आणि त्या हुकतात. रुंद विहीर जास्त भेगा कापते. दोन थरांमध्ये तांबड्या मातकट खडकाचा पट्टा असेल, तर तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. पाणी आडवे सरकते आणि सह्याद्रीच्या उतारांवर त्या पट्ट्याच्या रेषेत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते.