जेवणाच्या कूपनवर कर कधी लागतो?

पुण्यातल्या एका कंपनीत काम करणारी एक कर्मचारी घेऊ. तिचा वर्षाचा रोख पगार 12,75,000 रुपये. शिवाय कंपनी तिला जेवणाची कूपनं देते. महिन्याचे 22 दिवस, दिवसाला दोन वेळचं खाणं, एका वेळेला 50 रुपये, म्हणजे महिन्याला 2,200 आणि वर्षाला 26,400 रुपये. कूपन करमुक्त असतं असं तिने ऑफिसात कायम ऐकलेलं आहे. आता आर्थिक वर्ष 2025-26 चा तिचा हिशेब मांडून पाहू. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होतो, म्हणून इथले सगळे आकडे त्याआधीच्या या वर्षाचे आहेत.)

एका जेवणामागे 50 रुपयांपर्यंतची सूट आयकर नियमांत आहे, पण तिला अटी आहेत. जेवण कामाच्या वेळेतलं हवं. कूपन दुसऱ्याला देता येणारं नसावं आणि ते फक्त खाण्यापिण्याच्या ठिकाणी चालावं. कूपन 100 रुपयांचं असेल तर वरचे 50 रुपये पगारात धरले जातात. याहून मोठी अट मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नवी करप्रणाली घेतली की कूपनवरची ही सूट मिळत नाही. कंपनीने ऑफिसातच थेट जेवण दिलं तर 50 रुपयांची सूट नव्या प्रणालीतही टिकते, आणि कामाच्या वेळेतला चहा-नाश्ता तर दोन्हीकडे करमुक्तच आहे.

आपल्या कर्मचारीने नवी प्रणाली घेतली आहे. वेगळं काही कळवलं नाही तर आता तीच लागू होते. 12,75,000 मधून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की उरतात बरोबर 12 लाख, आणि 12 लाखांपर्यंत कर शून्य. त्यात कूपनांचे 26,400 मिळवले की उत्पन्न 12,26,400 होतं. स्लॅबप्रमाणे कर 63,960 रुपये येतो. पण 12 लाखांच्या किंचित वर असणाऱ्यांसाठी सीमांत सवलत आहे, त्यामुळे कर वरच्या रकमेपेक्षा, म्हणजे 26,400 पेक्षा, जास्त घेत नाहीत. त्यावर 4 टक्के उपकर धरून ती 27,456 रुपये भरते. 26,400 रुपयांच्या कूपनांवर त्याहून जास्त कर! हे फार थोड्या लोकांच्या बाबतीत घडतं, पण ज्यांच्या बाबतीत घडतं त्यांना बहुधा वर्षअखेरच्या पगारात मोठी कपात दिसेपर्यंत कल्पनाही नसते. म्हणून ही चौकशी एप्रिलमध्येच करायला हवी. कंपनी तयार असेल तर तेवढीच रक्कम कूपनांऐवजी एनपीएसमध्ये मालकाचा हिस्सा म्हणून वळवून घेता येते. नव्या प्रणालीत मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत अशा हिश्श्यावर वजावट आहे, आणि मग तिचं उत्पन्न पुन्हा 12 लाखांवर येतं.

मग जुनी प्रणाली घ्यावी का? तिथे कूपनांचे 26,400 सुटतात. मुलांच्या शिक्षण भत्त्यावरही सूट आहे, पण ती एका मुलामागे महिना फक्त 100 रुपये, तीही दोनच मुलांपर्यंत. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त 2,400. शाळांची फी कुठे पोहोचली आहे ते पाहता ही मर्यादा मला अन्यायकारक वाटते. भत्ता कितीही मोठा असला तरी उरलेला करपात्रच. (मूल वसतिगृहात असेल तर एका मुलामागे महिना 300 रुपयांची वेगळी सूट आहे.) दोन्ही मिळून 28,800 होतात. पण जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट 50,000 आहे, नव्यात 75,000, म्हणजे त्यातले 25,000 तिथेच गेले. घरकर्जाचं व्याज, घरभाडं किंवा 80सी अशा मोठ्या वजावटी नसतील तर निव्वळ कूपनं आणि शिक्षण भत्त्यासाठी जुनी प्रणाली घेणं परवडत नाही.

भेटवस्तूंचा नियम दोन्ही प्रणालींत एकच आहे. दिवाळीचं गिफ्ट व्हाउचर, कामाचं बक्षीस म्हणून मिळालेली वस्तू, घरच्यांना दिलेली भेट, सगळं मिळून वर्षात 5,000 रुपयांच्या आत असेल तर त्यावर कर नाही. रोख रक्कम किंवा धनादेश मात्र पहिल्या रुपयापासून करपात्र. बेरीज 5,500 झाली तर करपात्र किती धरायचे, वरचे 500 की पूर्ण 5,500? नियमाचे शब्द कडक आहेत, विभागाच्या जुन्या परिपत्रकाचा सूर सौम्य. कंपनीने कोणता अर्थ धरला ते फॉर्म 16 सोबत येणाऱ्या 12बीए या तक्त्यात पाहावं. त्यात मोफत जेवण आणि भेटवस्तू यांच्या वेगळ्या ओळी असतात. तुम्ही नवी प्रणाली घेतली आहे, कूपनं वर्षभर वापरली आहेत आणि जेवणाच्या ओळीत शून्य आहे, असं दिसलं तर विवरणपत्र भरण्याआधी पगार विभागाला लेखी विचारा.