कोरडी मोटर ओळखायची कशी?

टाकी भरल्यावर मोटर बंद करणं सोपं: वरचा फ्लोट उचलला गेला की रिले पुरवठा तोडतो. चालू करणारा फ्लोट मात्र बराच खाली हवा, नाहीतर पाणी जरा हललं तरी मोटर चालू-बंद होत राहते.

खरी गोम कोरडी मोटर ओळखण्यात आहे. पाणी नसलं की भार घटतो आणि करंटही. समजा, मोटर पाण्यासह 6 अँपिअर घेते, कोरडी 4; तर मर्यादा 5 ठेवायची. पण सुरुवातीला पाणी चढेपर्यंत ती कोरडीच फिरते, म्हणून पहिला मिनिटभर कंट्रोलरने तिकडे दुर्लक्ष करायचं. नंतर सलग 10 सेकंद करंट कमी राहिला तरच मोटर तोडायची. व्होल्टेज फार हेलकावत असेल तर हे गणित फसतं; तिथे सरळ खालच्या हौदातच आणखी एक फ्लोट टाकलेला बरा.