फोटो उडाला, स्ट्रिप हातात आहे

आईने गोळीच्या स्ट्रिपचा फोटो पाठवला होता, तो डिलीट झाला. आता ती फोनवर विचारते आहे, ‘ही कधी घ्यायची गं? आणि चालेल ना अजून?’ दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्ट्रिपवर मिळतील असे तिला वाटते. प्रत्यक्षात मिळते ते एकाचेच.

आधी नाव पूर्ण वाचून घ्या. ठळक अक्षरांतल्या ब्रँडनावावर थांबू नका, खालची बारीक ओळही वाचायला सांगा. समजा तिथे ‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड प्रोलॉन्ग्ड-रिलीज टॅब्लेट्स, 500 एमजी’ असे आहे. यातला ‘प्रोलॉन्ग्ड-रिलीज’ हा शब्द महत्त्वाचा. ही गोळी औषध हळूहळू सोडते, म्हणून ती चावायची किंवा कुटायची नाही आणि बहुधा दिवसातून एकदाच, रात्रीच्या जेवणाबरोबर दिली जाते. साधी मेटफॉर्मिन 500 मात्र अनेकांना सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत असते. औषध तेच, आकडाही तोच, वेळ वेगळी. शिवाय ‘बहुधा’ म्हणजे तुमच्या आईलाही तसेच, असे नव्हे. स्ट्रिपवर डोसच्या जागी ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार’ एवढेच इंग्रजीत छापलेले असते. त्यामुळे चिठ्ठी काढायला सांगा. तिथे 1-0-1 असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. 0-0-1 म्हणजे फक्त रात्री. चिठ्ठी हरवली असेल तर अंदाज न करता डॉक्टरांना फोन करावा.

तारखेचे मात्र स्ट्रिपवर सापडते. ती बहुतेक वेळा एका टोकाला, बॅच नंबर आणि किमतीच्या शेजारी असते. कधी काळ्या शाईत, तर कधी फॉइलवर नुसतीच दाबलेली. दाबलेली अक्षरे समोरून दिसत नाहीत. स्ट्रिप तिरकी धरून बाजूने टॉर्च मारला की उमटतात. आईला एकेक आकडा वाचायला सांगा. दोन तारखा मिळतील, समजा 07/2025 आणि 06/2027. आधीची उत्पादनाची, नंतरची एक्स्पायरीची. एकच सापडली तर तिच्यासमोर काय लिहिले आहे ते विचाराच, नाहीतर उत्पादनाची तारीख वाचून चांगले औषध फेकले जाते. 06/2027 म्हणजे 1 जून नव्हे. भारतातल्या औषध नियमांनुसार त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे 30 जून 2027 पर्यंत औषध चालते. अर्थात, गोळी ओली किंवा रंग बदललेली नसेल तरच.

खरी पंचाईत होते ती कापलेल्या स्ट्रिपची. तारखेचे टोक दुकानातच राहिले असेल तर बिल शोधा, त्यावर बॅच नंबर आणि बहुधा एक्स्पायरीही असते. बिलही नसेल तर ती गोळी घेऊ नये. यापुढे सुट्या गोळ्या घेताना केमिस्टला तारखेच्या टोकाचा तुकडा मागा, आणि तो तुकडा संपेपर्यंत गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा.